हुकूमनाम्यानंतरची साडेतीन वर्षे : पगारजप्ती, घरजप्ती आणि तिऱ्हाइताची हरकत

ऑगस्ट 2021 मध्ये माझ्या दाव्याचा निकाल लागला तेव्हा मला वाटले होते की आता पैसे मिळण्यास फार तर चार-सहा महिने लागतील. प्रत्यक्षात शेवटची रक्कम मार्च 2025 मध्ये न्यायालयात जमा झाली. निकालानंतरच्या या काळात जे काही घडले ते मी तारखांसह वहीत लिहून ठेवले होते. त्यातील दोन गोष्टी, म्हणजे पगारजप्तीची मर्यादा आणि तिऱ्हाइताने घेतलेली हरकत, मला आधी ठाऊक असत्या तर माझे काही निर्णय वेगळे झाले असते. म्हणून हे अनुभव लिहीत आहे.

मी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी शाळेत शिक्षिका होते. निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतून ओळखीतील एका गृहस्थांना 3,60,000 रुपये हातउसने दिले. रक्कम बँकेतून वर्ग केली होती आणि त्यांनी चिठ्ठी लिहून दिली होती, त्यामुळे दावा शाबीत करणे अवघड गेले नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये दावा दाखल केला. मुद्दल, दावा दाखल झाल्यापासून वसुलीपर्यंत द.सा.द.शे. 6 दराने व्याज आणि दाव्याचा खर्च असा हुकूमनामा झाला. व्यवहार व्यापारी स्वरूपाचा नसेल तर हुकूमनाम्यानंतर 6 टक्क्यांहून अधिक व्याज देता येत नाही, हे मला निकाल वाचताना कळले.

न्यायालय आपणहून वसुली करून देत नाही. त्यासाठी स्वतंत्र दरखास्त द्यावी लागते. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बारा वर्षांची मुदत असते, परंतु दोन वर्षांच्या आत दरखास्त दिली तर देणेकऱ्याला सुरुवातीची कारणे दाखवा नोटीस काढणे बंधनकारक नसते आणि एक टप्पा वाचतो. माझे वकील माझेच जुने विद्यार्थी. ते म्हणाले, "बाई, उशीर करू नका, त्याला सावध व्हायला वेळ मिळतो." फेब्रुवारी 2022 मध्ये आम्ही दरखास्त दाखल केली. तोवर खर्च आणि तीन वर्षांचे व्याज धरून येणे साधारण 4,53,000 रुपये झाले होते.

देणेकरी औद्योगिक वसाहतीतील एका खाजगी कंपनीत पर्यवेक्षक होते. प्रथम आम्ही त्यांच्या पगाराची जप्ती मागितली. सरकारी नोकराच्या पगारासाठी जसा नियम आहे तसाच, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21 मध्ये 48-अ हा नियम खाजगी नोकरांसाठी आहे. न्यायालयाचा आदेश मालकाकडे जातो, मालक दरमहा ठरलेला भाग कापून न्यायालयात भरतो आणि आदेश डावलून त्याने ती रक्कम नोकराला दिली तर ती त्याला स्वतःला भरून द्यावी लागते. पगारातील कोणता भाग जप्त करता येतो हे मात्र कलम 60 ठरवते. निर्वाहखर्चाचा हुकूमनामा नसेल तर पगारातील पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्तीपासून मुक्त असतो. त्यांचा एकूण पगार 31,000 रुपये होता. त्यातून 1,000 वजा केले की 30,000 उरतात आणि त्याचा एक तृतीयांश म्हणजे 10,000 रुपये दरमहा मिळायला हवे होते.

पहिल्या तीन महिन्यांत न्यायालयात दरमहा 6,000 रुपयेच जमा झाले. कंपनीने उचल आणि कर्जाचे हप्ते कापून हाती पडणारे 19,000 रुपये आधाराला धरले होते आणि त्यावर सूत्र लावले होते. कलम 60 च्या स्पष्टीकरणात पगार म्हणजे मासिक वेतनाची एकूण रक्कम असे म्हटले आहे. नोकराने स्वतःच्या सोयीने घेतलेल्या कर्जाचा हप्ता त्यातून आधी वजा करण्याची तरतूद नाही. तसा अर्ज आम्ही दिला, न्यायालयाने कंपनीचे म्हणणे मागवले आणि चौथ्या महिन्यापासून 10,000 रुपये भरण्याचा, तसेच मागील 12,000 रुपयांची तूट दोन हप्त्यांत पुरी करण्याचा आदेश दिला. ज्यांची पगारजप्ती सुरू आहे त्यांनी पहिल्याच महिन्यात जमा रक्कम आणि एकूण पगाराचा आकडा ताडून पाहावा, असे मी आवर्जून सांगेन, कारण हा काळ पुन्हा मिळत नाही.

पुन्हा मिळत नाही याचे कारणही कलम 60 मध्येच आहे. एकाच हुकूमनाम्यासाठी पगाराचा हा भाग सलग किंवा खंड पडून एकूण 24 महिने जप्त राहिला की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मुक्त होतो. तूट भरून निघाली नसती तरी ते तीन महिने 24 मध्ये धरले गेलेच असते. म्हणजे माझ्या बाबतीत पगारातून मिळू शकणारी कमाल रक्कम 2,40,000 रुपये होती. शिवाय दरमहा 1,800 रुपये व्याज चालू होते आणि आलेली रक्कम प्रथम खर्चात आणि व्याजात जमा होत होती. वकिलांनी कागदावर हिशेब मांडून दाखवला. पगारजप्ती पूर्ण होईल तेव्हा मुद्दलापैकी जवळजवळ 2,60,000 रुपये शिल्लकच राहणार होते. तो कागद पाहून मला पहिल्यांदा उमगले की पगारावर अवलंबून राहून वसुली होणार नाही, दुसरी मालमत्ता शोधावीच लागेल. जप्तीचे दोन मार्ग एकाच वेळी चालवण्यास अडचण नव्हती. हे सुरुवातीलाच करायला हवे होते. तसे न केल्याने माझे बरेच महिने वाया गेले.

मालमत्ता कोठे आहे हे धनकोला सांगावे लागते. देणेकऱ्याच्या मालमत्तेची माहिती मिळवण्यासाठी आदेश 21 नियम 41 उपयोगी पडतो. हुकूमनाम्याची रक्कम 30 दिवस थकली असेल तर न्यायालय देणेकऱ्याला सर्व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र दाखल करण्यास सांगू शकते आणि त्याने ते टाळले तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. नोव्हेंबर 2022 मध्ये त्यांनी प्रतिज्ञापत्र दिले. त्यात गावातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेतील एका खोलीची आणि स्वयंपाकघराची सदनिका स्वतःच्या मालकीची असल्याचे, तसेच घरातील सामानाची यादी त्यांनी स्वतःच्या सहीने लिहून दिली होती. या कागदाची किंमत मला पुढे कळली.

आम्ही सामान आणि सदनिका या दोन्हींची जप्ती मागितली. सामानाची जप्ती प्रत्यक्ष ताब्यात घेऊन करतात. बेलीफ, दोन पंच आणि मी असे आम्ही त्यांच्या घरी गेलो. ती सकाळ मला आजही आठवते, कारण त्या घरातील मुले दारात उभी राहून आमच्याकडे पाहत होती. बेलीफांनी पंचनामा लिहायला सुरुवात करताच देणेकऱ्यांच्या पत्नी पुढे आल्या आणि म्हणाल्या, "हे शिवणयंत्र माझं आहे. त्याची पावती माझ्या नावाची आहे, ह्यांचा त्याच्याशी संबंध नाही." त्यांनी लगेच पावती दाखवली. त्या शिवणकामाचा व्यवसाय करीत होत्या आणि हुकूमनाम्यात त्यांचे नाव नव्हते. माझी वसुली त्यांच्या पतीकडून होती. वकिलांना विचारून मी तेथेच शिवणयंत्रावरील मागणी सोडली आणि बेलीफांनी तसे पंचनाम्यात नोंदवले. हरकत म्हणजे नेहमीच डाव असे मानू नये, हे मी मनापासून लिहीत आहे. पत्नीची, भाडेकरूची किंवा शेजाऱ्याची वस्तू देणेकऱ्याच्या घरात आहे एवढ्यावरून ती त्याच्या कर्जात गेली तर तो अन्यायच ठरेल. उरलेल्या सामानाची किंमत भत्ता आणि वाहतूक यांच्यापुरतीही होणार नव्हती, म्हणून तो मार्ग आम्ही सोडून दिला.

सदनिकेची जप्ती एप्रिल 2023 मध्ये नियम 54 प्रमाणे झाली. स्थावर मालमत्ता ताब्यात घेत नाहीत. देणेकऱ्याने ती विकू नये, गहाण ठेवू नये आणि इतर कोणी ती त्याच्याकडून घेऊ नये असा मनाई आदेश निघतो. बेलीफांनी इमारतीच्या आवारात दवंडी देववली, आदेशाची प्रत दारावर आणि न्यायालयाच्या फलकावर लावली. आम्ही संस्थेच्या सचिवांना आणि दुय्यम निबंधक कार्यालयालाही आदेशाची प्रत कळवली. त्याआधी सूची दोनचा शोध घेऊन सदनिका देणेकऱ्यांच्या नावे 2012 च्या नोंदणीकृत दस्ताने आहे आणि तिच्यावर बोजा नाही, याची खात्री केली होती.

ऑगस्ट 2023 मध्ये विक्रीच्या जाहीरनाम्याच्या अटी ठरवण्याची नोटीस निघाली आणि सप्टेंबरमध्ये देणेकऱ्यांचे मेहुणे न्यायालयात हजर झाले. त्यांनी नियम 58 खाली हरकत अर्ज दिला. त्यांचे म्हणणे असे होते की सप्टेंबर 2020 मध्ये, म्हणजे जप्तीच्या अडीच वर्षे आधी, देणेकऱ्याने त्यांना सदनिका 11 लाखांना विकण्याचे साठेखत करून दिले, 9 लाख रुपये रोख पोहोचले, ताबाही मिळाला आणि फक्त 2 लाख व खरेदीखत बाकी आहे. सोबत 500 रुपयांच्या मुद्रांकावरील साठेखत जोडले होते. ते नोंदणीकृत नव्हते. हरकत आल्यावर नियम 59 खाली न्यायालय विक्री थांबवू शकते, किंवा विक्री होऊ देऊन ती कायम करणे राखून ठेवू शकते. आमच्या न्यायालयाने विक्री थांबवली.

त्या दिवशी मी खचले होते. मुद्रांकाचा कागद बनावट असेल अशी माझी पहिली शंका होती आणि मी त्यावरच जोर देण्याच्या मताची होते. वकिलांनी मुद्रांक विक्रेत्याच्या नोंदवहीची तपासणी केली, तर तो कागद खरोखर 2020 चाच निघाला. माझा आधार गेला असे मला वाटले. ते म्हणाले, "बाई, कागद जुना असला म्हणजे त्यावरचा मजकूर त्या दिवशीच लिहिला गेला असे होत नाही. आणि मजकूर खरा धरला तरी प्रश्न तोच राहतो, की जप्तीच्या दिवशी ही सदनिका कोणाची होती?" पुढील सर्व लढाई याच एका प्रश्नावर झाली.

आमच्यापुढे दोन पर्याय होते. हरकत मुद्दाम उशिरा घेतली आहे असे दाखवता आले तर न्यायालय ती ऐकण्यासच नकार देऊ शकते. जप्तीनंतर पाच महिने गप्प बसून विक्री आली तेव्हा मेहुणे पुढे आले होते, त्यामुळे हा मुद्दा मला फार आकर्षक वाटला. परंतु वकिलांनी तो केवळ नोंदवून ठेवला, त्यावर आग्रह धरला नाही. कारण असे की हरकत ऐकण्यास नकार मिळाला तर हरकतदाराला स्वतंत्र दावा करण्याची मुभा राहते आणि ते भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. उलट हरकत ऐकून गुणदोषांवर निर्णय झाला तर मालकी, हितसंबंध वगैरे सर्व प्रश्न तेथेच कायमचे मिटतात, त्या निर्णयाला हुकूमनाम्याचे बळ असते, आणि त्याविरुद्ध फक्त अपील करता येते. थोडा वेळ अधिक गेला तरी शेवट पक्का होतो, हा विचार मला त्या वेळी पटायला जड गेला, पण नंतर तोच योग्य ठरला.

हरकत सिद्ध करण्याची जबाबदारी हरकतदारावर असते. मेहुण्यांनी सरतपासाचे प्रतिज्ञापत्र दिले आणि आमच्या वकिलांनी उलटतपास घेतला. त्यात त्यांनी कबूल केले की सदनिकेचे वीजबिल आणि संस्थेची देखभाल वर्गणी 2020 नंतरही देणेकऱ्यांच्या नावेच भरली गेली होती. संस्थेच्या सचिवांनी सभासद नोंदवही आणली. त्यात हस्तांतराचा अर्जही नव्हता. मेहुण्यांचे मतदार यादीतील नाव दुसऱ्या गावी होते. 9 लाखांची रोख कोठून आली याबद्दल ते शेती आणि दागिने असे मोघम सांगत राहिले, परंतु बँकेचा एकही उतारा त्यांनी दिला नाही. स्थावराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. तेवढ्याने करार रद्द होत नसला तरी अशी रोख देणाऱ्याने तिचा मागोवा दाखवणे अपेक्षित असते. साठेखतावर सही करणारा देणेकरी साक्षीला आणलाच नाही.

देणेकऱ्याचे प्रतिज्ञापत्र मी मोठ्या उत्साहाने पुढे केले होते, कारण त्यात त्यांनी सदनिका स्वतःची असल्याचे लिहिले होते. वकिलांनी सांगितले की देणेकऱ्याची कबुली मेहुण्यांना आपोआप बांधत नाही, ती केवळ इतर पुराव्याला दुजोरा देते. आम्ही केवळ त्यावर विसंबलो असतो तर हरलो असतो. खरा पाया वीजबिल, सभासद नोंदवही आणि ताब्याचा पुरावा हाच होता. हे पुरावे संस्थेच्या आणि वीज कंपनीच्या कार्यालयातून मिळवण्यासाठी साक्षीदारांना समन्स काढावे लागले. त्यात तीन तारखा गेल्या.

कायद्याची बाजूही मी समजून घेतली. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 प्रमाणे विक्रीच्या करारामुळे त्या मालमत्तेत मालकी किंवा हितसंबंध निर्माण होत नाही. ताबा देऊन केलेल्या कराराला कलम 53-अ चे संरक्षण असते, पण सप्टेंबर 2001 नंतरच्या करारासाठी ते नोंदणी असल्यासच मिळते, आणि मेहुण्यांचा दस्त नोंदलेला नव्हता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 64 प्रमाणे जप्तीनंतर देणेकऱ्याने केलेली विक्री धनकोविरुद्ध निरर्थक असते. त्याला अपवाद म्हणजे जप्तीपूर्वी झालेल्या आणि नोंदलेल्या कराराची पूर्तता. हा अपवाद 2002 च्या दुरुस्तीने स्पष्ट झाला. म्हणजे हे साठेखत खरे असते, नोंदलेले असते आणि जप्तीपूर्वीचे असते, तर माझी जप्ती मागे सरली असती आणि मला केवळ मेहुण्यांकडून देणेकऱ्याला येणे असलेल्या 2 लाखांवर हात टाकता आला असता. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण जप्ती धनकोला मालमत्तेचा मालक करीत नाही. देणेकऱ्याचे तिच्यात जेवढे असते तेवढेच जप्तीत येते.

मार्च 2024 मध्ये हरकत नामंजूर झाली. न्यायालयाने नोंदवले की कराराचा मजकूर आणि रोख रक्कम सिद्ध झालेली नाही, ताबा देणेकऱ्याकडेच आहे, आणि करार खरा धरला तरी नोंदणीअभावी तो जप्तीच्या आड येत नाही. मेहुण्यांनी जिल्हा न्यायालयात अपील केले आणि विक्रीला स्थगिती मागितली. स्थगिती मंजूर करताना न्यायालयाने येणे रकमेच्या निम्मी रक्कम जमा करण्याची अट घातली. ती अट त्यांनी पाळली नाही, त्यामुळे स्थगिती उठली. अपील डिसेंबर 2024 मध्ये फेटाळले गेले. याच काळात पगारजप्तीचे 24 महिने पूर्ण झाले, कंपनीने तसे कळवले आणि पगार मुक्त झाला. पुढचा सर्व भार सदनिकेवरच राहिला.

या टप्प्यावर अनेकांच्या मनात येणारा प्रश्न माझ्याही मनात आला होता. अडीच लाखांसाठी 11 लाखांची सदनिका विकली जाणार का? येणे भागण्यापुरताच भाग विकावा, असे नियम 64 सांगतो, पण एक खोली आणि स्वयंपाकघर यांचे तुकडे करून विकता येत नाहीत. त्यामुळे संपूर्ण सदनिका विकून उरलेली रक्कम देणेकऱ्याला परत देण्याचाच मार्ग होता. जाहीरनाम्यातील मूल्य खूप कमी लावले तर देणेकरी विक्रीवर आक्षेप घेऊ शकतो. म्हणून वकिलांनी शासकीय दरपत्रकातील दर आणि स्थानिक मूल्यांककाचा अहवाल असे दोन्ही न्यायालयापुढे ठेवले. न्यायालयाच्या आदेशाने विक्रीचा जाहीरनामा मार्च 2025 मध्ये निघाला.

लिलावाच्या दिवशी मी न्यायालयाच्या आवारात सकाळी दहापासून बसले होते. मला स्वतःला बोली लावता येत नव्हती, कारण धनकोला त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते आणि मी ती मागितली नव्हती. साडेअकराच्या सुमारास देणेकरी, त्यांच्या पत्नी आणि मेहुणे एकत्र आले. बोली अंतिम होण्यापूर्वी संपूर्ण येणे आणि विक्रीचा खर्च दिला तर लिलाव थांबवावाच लागतो, हे त्यांना त्यांच्या वकिलांनी सांगितले होते. शिल्लक मुद्दल, त्यावरील व्याज आणि दरखास्तीचा खर्च मिळून साधारण 2,75,000 रुपयांचा धनादेश त्यांनी दिला. नाझरांनी तो घेण्यास नकार दिला आणि रोख किंवा डिमांड ड्राफ्ट मागितला. लिलाव दुपारपर्यंत लांबवण्यात आला आणि तीन वाजता डिमांड ड्राफ्ट जमा झाला.

नंतर मी वसुली पूर्ण झाल्याचा अर्ज दिला आणि दरखास्त निकालात निघाली. जप्ती उठवल्याचे पत्र संस्थेला आणि दुय्यम निबंधक कार्यालयाला पाठवावे यासाठी देणेकऱ्यांनी अर्ज केला, त्यावर मी हरकत नसल्याची सही केली. बाहेर पडताना त्यांच्या पत्नी थांबल्या. त्यांनी शिवणयंत्राची आठवण काढली आणि त्या दिवशी मी ते सोडून दिले याबद्दल त्यांना काय वाटले ते सांगितले. मी त्यांच्याशी थोडा वेळ बोलले आणि रिक्षाने घरी आले. न्यायालयातून रक्कम माझ्या खात्यात येण्यास आणखी सात आठवडे लागले.